न्यासाचे बँकखाते : ठराव आणि सहीचा अखत्यार

न्यासाने धर्मशाळा बांधली, न्यासाने वाचनालय काढले, असे आपण सहज बोलत असलो, तरी कायद्याच्या दृष्टीने न्यास हा कंपनीसारखा स्वतंत्र देह असलेला कायदेशीर पुरुष नव्हे; त्याच्या मालमत्तेची मालकी विश्वस्तांच्या ठायी असते, आणि ती त्यांनी स्वतःच्या उपभोगासाठी नव्हे, तर न्यासपत्रात नमूद केलेल्या उद्देशासाठी धारण केलेली असते. बँकेत खाते उघडावयास गेलेल्या विश्वस्तांना तेथील अधिकारी जे कागद मागतात, ज्या सह्या मागतात आणि ज्या ठरावाच्या शब्दाशब्दावर अडून बसतात, त्या सर्वांचे मूळ या एका गोष्टीत आहे. खाते न्यासाच्या नावाचे असले, तरी बँकेचा करार वस्तुतः विश्वस्तांच्या समूहाशी होत असतो. आणि समूहाला हात नसल्यामुळे कोणाचा हात हा समूहाचा हात मानावयाचा, हे त्या समूहानेच आधी लेखी सांगून ठेवावे लागते. हे लेखी सांगणे म्हणजेच ठराव.

पुष्कळ ठिकाणी ठराव हा बँकेने मागितलेला एक किरकोळ कागद समजून, बँकेच्या छापील नमुन्यावर घाईने सह्या करून दिला जातो, आणि त्या घाईची किंमत पुढे दहा-पंधरा वर्षांनी, एखादा पदाधिकारी निवर्तल्यावर किंवा मंडळात दोन तट पडल्यावर, न्यासाला मोजावी लागते. म्हणून या लेखात खाते उघडण्याच्या इतर अंगांना ओझरता स्पर्श करून ठराव आणि सही याच दोन गोष्टींचा विचार जरा सविस्तर करावयाचा आहे. आणि तो महाराष्ट्रातील नोंदणीकृत सार्वजनिक न्यासापुरता, म्हणजे ज्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो अशा न्यासापुरता. हाच अधिनियम जुन्या लोकांच्या तोंडी मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम म्हणून आहे.

विश्वस्तांनी कारभार कसा करावा याचे मूलतत्त्व १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमात सापडते. तो अधिनियम खाजगी न्यासांसाठी असून धर्मादाय न्यासांना तो जसाच्या तसा लागू होत नाही. परंतु त्यातील तत्त्वे न्यायालये सार्वजनिक न्यासांच्या बाबतीतही मार्गदर्शक मानीत आली आहेत. त्यातील ४८ वे कलम सांगते की एकाहून अधिक विश्वस्त असतील तेव्हा, न्यासपत्रात निराळी तरतूद नसल्यास, न्यासाचा कारभार सर्वांनी मिळून केला पाहिजे. त्याच्या लगतचे ४७ वे कलम सांगते की विश्वस्ताने आपले पद किंवा आपले कर्तव्य सहविश्वस्ताकडे किंवा परक्याकडे सोपवू नये. न्यासपत्राने तशी मुभा दिली असेल, ते व्यवहाराच्या नित्यक्रमातील असेल, त्यावाचून गत्यंतर नसेल, किंवा करार करण्यास समर्थ अशा लाभार्थ्याची संमती असेल, एवढेच अपवाद. मात्र याच कलमाला जोडलेल्या स्पष्टीकरणात एक फार मोलाची सवलत आहे. ज्या कृत्यात स्वतःची विवेकबुद्धी वापरावयाची नसते, जे केवळ यांत्रिक अंमलबजावणीचे कृत्य असते, त्यासाठी मुखत्यार नेमणे म्हणजे कर्तव्य सोपविणे नव्हे, असे ते स्पष्टीकरण म्हणते.

बँकेतील सहीचे सारे शास्त्र या भेदावर उभे आहे. अमुक सुताराला कपाटांसाठी चाळीस हजार रुपये द्यावयाचे की नाही, हा निर्णय विवेकाचा आहे आणि तो विश्वस्त मंडळाचा आहे. तो झाल्यावर चाळीस हजारांच्या धनादेशावर सही करणे हे अंमलबजावणीचे कृत्य आहे आणि ते दोघांकडे देता येते. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ च्या एका निकालात विश्वस्तांनी संयुक्तपणे कारभार करावा हा सामान्य नियम सांगून, न्यासपत्राने परवानगी दिली असेल किंवा सहविश्वस्तांनी त्या कृत्याला स्पष्ट संमती दिली असेल तर एकजण सर्वांच्या वतीने कृती करू शकतो, असे अपवाद मान्य केले आहेत. तेव्हा सही करणारा पदाधिकारी हा न्यासाच्या पैशाचा मालक नाही आणि खर्चाचा निर्णयकर्ताही नाही. आपल्या सहविश्वस्तांची संमती तो कागदावर उतरवितो. ज्या न्यासात सही करणाऱ्यांनीच निर्णय घेण्यास सुरुवात केली आणि बाकीचे विश्वस्त वर्षअखेरीस ताळेबंदावर सह्या करण्यापुरते उरले, तेथे ठराव कितीही निर्दोष असला तरी ४७ व्या कलमातील तत्त्वाचा भंग झालेलाच असतो, आणि लेखापरीक्षकाने आक्षेप घेतला तर न सही करणाऱ्या विश्वस्तांनाही ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ असे म्हणून अंग काढून घेता येत नाही.

आता एक प्रसंग धरून चालू. एका तालुक्याच्या गावी सात जणांनी वाचनालयासाठी न्यास स्थापन केला आहे. न्यासपत्र झाले, सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात अर्ज दिला, चौकशी होऊन नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आले, आणि त्याबरोबर परिशिष्ट एकचा उताराही मिळाला, ज्यात न्यासाचे नाव, पत्ता, विश्वस्तांची नावे आणि मालमत्ता यांची नोंद असते. गावातील एका कुटुंबाने सहा लाख रुपयांची देणगी देऊ केली आहे; त्यातील तीन लाख पुस्तके व कपाटे यांवर खर्च व्हावयाचे आणि उरलेले तीन लाख ठेव म्हणून राहावयाचे. न्यासपत्रात गणपूर्ती चार विश्वस्तांची ठरविली आहे, निर्णय उपस्थितांच्या बहुमताने व्हावेत असे म्हटले आहे, आणि बँकव्यवहाराची रीत विश्वस्त मंडळाने ठरवावी एवढेच वाक्य आहे.

पहिला प्रश्न बँक कोणती, हा. याचे उत्तर मंडळाच्या आवडीवर सर्वस्वी सोडलेले नाही. १९५० च्या अधिनियमाचे ३५ वे कलम असे की न्यासाचा जो पैसा न्यासाच्या कार्यासाठी लगेच किंवा नजीकच्या काळात वापरता येणार नाही, तो विश्वस्तांनी अनुसूचित बँकेत, टपाल बचत बँकेत किंवा राज्य शासनाने त्यासाठी मान्य केलेल्या सहकारी बँकेत ठेवला पाहिजे, अथवा सरकारी रोख्यांत गुंतविला पाहिजे. न्यासपत्रात याहून निराळी आज्ञा असली तरीही हे बंधन सुटत नाही, आणि दुसऱ्या कोणत्या प्रकारे गुंतवणूक करावयाची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. आपल्याकडे या कलमाचा भंग सर्वांत अधिक होतो तो पतसंस्थांच्या बाबतीत. गावातील पतसंस्थेचे संचालक आणि न्यासाचे विश्वस्त एकमेकांच्या नित्य ओळखीचे असतात, व्याज एक-दीड टक्क्याने जास्त मिळते, आणि ठेवीची पावती बँकेच्या पावतीसारखीच दिसते; परंतु पतसंस्था ही बँक नव्हे, तिच्या ठेवींना ठेवविम्याचे संरक्षण नाही, आणि तेथे ठेवलेला न्यासाचा पैसा बुडाला तर तो कलमाविरुद्ध ठेवला म्हणून विश्वस्तांच्या वैयक्तिक जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. बँकांतील ठेवींना २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदारामागे, मुद्दल व व्याज मिळून, पाच लाखांपर्यंत विमा आहे, हेही वाचनालयाच्या विश्वस्तांनी ध्यानात घ्यावयास हवे. सहा लाख एकाच बँकेत एकरकमी राहिले तर वरचे एक लाख त्या छत्राबाहेर असतात.

दुसरा प्रश्न खात्याच्या प्रकाराचा. रिझर्व्ह बँकेच्या ठेवींवरील व्याजदरासंबंधीच्या निर्देशांनुसार बचत खाते वाटेल त्या संस्थेला उघडता येत नाही. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेल्या संस्थांना ते मिळते, आणि ज्यांचे संपूर्ण उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे अशा संस्थांना मिळते. आपले वाचनालय केवळ न्यासपत्रावर उभे असेल आणि प्राप्तिकराची सूट देणारी नोंदणी अद्याप झाली नसेल, तर बँक चालू खाते उघडा म्हणेल, आणि तसे म्हणण्यात तिचा हट्टीपणा नाही. अशा वेळी तूर्त चालू खाते उघडून, सुटीचा हुकूम हाती आल्यावर बचत खाते उघडण्याचा अधिकार त्याच ठरावात देऊन ठेवणे सोईचे. नाहीतर केवळ खात्याचा प्रकार बदलण्यासाठी पुन्हा सभा बोलवावी लागते. परदेशांतून देणगी येण्याचा संभव असेल तर मात्र हे खाते त्या कामाचे नाही. विदेशी अभिदायासाठी वेगळी नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील नेमलेले खाते लागते, आणि तो विषय स्वतंत्र आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. ग्राहकाची ओळख पटविण्यासंबंधीच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे न्यासाचे नोंदणी प्रमाणपत्र, न्यासपत्र, न्यासाच्या नावाचे पॅन, विश्वस्तांची यादी, न्यास स्थापन करणाऱ्याचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, आणि जे विश्वस्त न्यासाच्या वतीने व्यवहार करणार त्यांची ओळखीची व पत्त्याची कागदपत्रे बँक घेते. ना-नफा संस्थेची नीती आयोगाच्या ‘दर्पण’ या संकेतस्थळावर नोंद आहे किंवा नाही हेही पाहिले जाते. या सर्व कागदांत अडचण उभी राहते ती बहुधा एकाच जागी, म्हणजे नावात. परिशिष्ट एकवर नाव मराठीत असते, पॅनवर ते रोमन लिपीत असते, आणि मराठी नावाचे रोमन रूपांतर अर्ज भरणाऱ्याने आपल्या मनाने केलेले असते. एका कागदावर ‘वाचनालय न्यास’, दुसऱ्यावर ‘वाचनालय ट्रस्ट’, तिसऱ्यावर आरंभी ‘श्री’ आणि चौथ्यावर ‘श्री’ नाही. देणगीदाराच्या धनादेशावरील नाव आणि खात्याचे नाव यांत असा फरक पडला की धनादेश परत येतो. म्हणून मराठी नाव परिशिष्टाबरहुकूम आणि रोमन नाव पॅनबरहुकूम, दोन्ही ठरावातच अक्षरशः लिहून ठेवावीत.

आता ठरावाकडे. सभेची सूचना न्यासपत्रात सांगितलेल्या मुदतीने सातही विश्वस्तांना गेली पाहिजे आणि विषयपत्रिकेत खाते उघडण्याचा विषय स्वतंत्रपणे नमूद असला पाहिजे. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली खात्याचा ठराव घेणे म्हणजे पुढे कोणी हरकत घेतली तर तिला आपणच दार उघडून ठेवणे. आपल्या सभेला पाच विश्वस्त हजर आहेत असे धरू. गणपूर्ती चारांची असल्यामुळे सभा नियमित आहे. इतिवृत्तात ठराव सुमारे असा उतरावा :

“ठराव क्रमांक ३. विषय : न्यासाच्या नावे बँकेत खाते उघडणे व त्याचे व्यवहार करण्याचा अधिकार देणे. असे ठरले की, परिशिष्ट एकमध्ये नोंदलेल्या नावाने व नोंदणी क्रमांकाने न्यासाचे खाते अमुक बँकेच्या अमुक शाखेत उघडावे. तूर्त ते चालू खाते असावे, आणि बचत खात्यास न्यास पात्र ठरल्यावर त्याच शाखेत बचत खाते उघडावे. खात्यातील रक्कम काढण्यासाठी दिलेल्या प्रत्येक धनादेशावर व आदेशावर खजिनदार यांची, आणि अध्यक्ष व कार्यवाह यांपैकी कोणा एकाची, अशा दोन सह्या असाव्यात. आज ही पदे धारण करणाऱ्या विश्वस्तांची नावे व नमुना सह्या सोबत जोडल्या आहेत. खजिनदार उपलब्ध नसल्यास मंडळाने ठरावाने नेमलेल्या अन्य विश्वस्ताने त्यांच्या जागी सही करावी, आणि त्या ठरावाची प्रत बँकेस द्यावी. ऑनलाइन व्यवहार एका सहीदाराने नोंदवावा व दुसऱ्याने मंजूर करावा. कोणाही एकट्यास रक्कम पाठविण्याचा अधिकार असू नये. या ठरावाने कर्ज अथवा अधिकर्ष घेण्याचा किंवा न्यासाची ठेव तारण देण्याचा अधिकार कोणासही दिलेला नाही. हा ठराव रद्द वा बदलल्याची लेखी सूचना बँकेस पोचेपर्यंत अंमलात राहील.”

त्याखाली सूचक, अनुमोदक, आणि ठराव सर्वानुमते झाला की बहुमताने याची नोंद. बँकेला द्यावयाची ती या इतिवृत्ताची खरी प्रत, सभेचा दिनांक व ठरावाचा क्रमांक घालून, अध्यक्ष व कार्यवाह यांच्या सहीने आणि न्यासाच्या शिक्क्यानिशी. शिवाय सभेला गैरहजर असलेल्या दोघांसह सातही विश्वस्तांच्या सह्या त्या प्रतीवर घेतल्या तर बँकेचे समाधान होते आणि सहविश्वस्तांची स्पष्ट संमतीही दप्तरी राहते. ज्या न्यासपत्रात बहुमताचा नियमच नाही, तेथे सर्व विश्वस्तांच्या सह्या सोयीसाठी नव्हे, तर आवश्यकच म्हणून घ्याव्यात.

या मसुद्यातील दोन-तीन कलमांचे कारण सांगणे जरूर आहे. कर्जाचा उल्लेख वगळण्याऐवजी तो नकारार्थी घातला, याचे कारण असे की बँकांच्या छापील ठरावनमुन्यांत खाते चालविण्याच्या अधिकाराबरोबरच अधिकर्ष घेणे, कर्ज काढणे, तारण देणे हे अधिकारही एकाच लांबलचक वाक्यात गुंफलेले असतात. ते नमुने मुळात व्यापारी ग्राहकांसाठी तयार झालेले असतात, आणि विश्वस्त ते न वाचता सही करतात. विश्वस्तांनी कर्ज काढण्यावर १९५० च्या अधिनियमात स्वतंत्र निर्बंध आहेत. म्हणून छापील नमुना द्यावाच लागला तर ती वाक्ये रेघ मारून खोडावीत आणि खोडलेल्या जागी सह्या कराव्यात.

सहीची रीत निवडताना आपल्याकडे सर्रास ‘अध्यक्ष, कार्यवाह व खजिनदार यांपैकी कोणतेही दोघे’ हा शिरस्ता चालतो. तो सोईचा आहे, कारण तिघांतील एकजण गावाबाहेर असला तरी काम अडत नाही. पण त्यात ज्याच्या हाती जमाखर्चाची वही असते तो खजिनदारच व्यवहारातून बाजूला पडू शकतो, आणि वर्षअखेरीस त्याला न पाहिलेल्या खर्चाची पावती शोधीत हिंडावे लागते. खजिनदाराची सही अनिवार्य केली की ही फट बुजते. उलटपक्षी खजिनदार आजारी पडला तर खाते ठप्प होते, म्हणून पर्यायी सहीदाराची तजवीज ठरावातच असावी लागते. तिन्ही सह्या आवश्यक ठेवणे दिसावयास सर्वांत कडक, परंतु छोट्या न्यासांत त्याचा परिणाम उलटा होतो : तिघे एकत्र येणे अवघड म्हणून कोऱ्या धनादेशांवर आगाऊ सह्या करून पुस्तक कार्यवाहाच्या कपाटात ठेवण्याची चाल पडते, आणि मग तीन सह्यांचे रक्षण एका माणसाच्या सचोटीवर येऊन ठेपते. ही चाल चालू आहे की नाही हे ओळखणे कठीण नाही. धनादेशाच्या पुस्तकात पुढच्या पानांवर सह्या आढळल्या, किंवा अध्यक्ष परगावी असल्याच्या दिवशीचा धनादेश त्यांच्या सहीनिशी वटला असला, की लेखापरीक्षकाला आणखी पुरावा लागत नाही. त्याचप्रमाणे पती आणि पत्नी, बाप आणि मुलगा, किंवा एकाच दुकानातील दोन भागीदार असे सहीदार असतील, तर कागदावर दोन सह्या असूनही वस्तुतः ती एकच सही असते. कायदा याला प्रतिबंध करीत नसला, तरी न्यासाने तो स्वतःवर घालून घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

सहीदार विश्वस्तच असला पाहिजे काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. व्यवस्थापक, ग्रंथपाल किंवा हिशेबनीस यांना सही करू द्यावयाची असेल तर न्यासपत्रात नोकर वा प्रतिनिधी नेमण्याची मुभा हवी, ठरावात रकमेची मर्यादा घातलेली हवी, आणि दुसरी सही विश्वस्ताचीच हवी. एवढे असले म्हणजे तो वर सांगितलेल्या अंमलबजावणीच्या कृत्यांत बसतो. न्यासाच्या लेखापरीक्षकाला मात्र सहीदार करू नये, कारण ज्याने व्यवहार केला त्यानेच तो तपासावयाचा असा प्रकार होईल.

ऑनलाइन व्यवहारांचे कलम मुद्दाम घातले आहे. धनादेशाच्या बाबतीत दोन सह्यांचा आग्रह धरणारे मंडळ नेट बँकिंगचा अर्ज भरताना एकाच विश्वस्ताचा मोबाइल क्रमांक देऊन मोकळे होते, आणि मग त्या एका फोनवर येणाऱ्या सांकेतिक आकड्याने दोन सह्यांचा सारा बंदोबस्त निष्फळ ठरतो. एकाने नोंदवावा आणि दुसऱ्याने मंजूर करावा, अशी दुहेरी सोय संस्थांच्या खात्यांसाठी बँकांकडे असते. ती मागून घ्यावी, आणि शाखेत ती नसेल तर एकेरी अधिकार घेण्याऐवजी केवळ उतारा पाहण्यापुरती सोय घ्यावी. डेबिट कार्ड ही मुळात एकट्याच्या हातची वस्तू असल्यामुळे दोन सह्यांच्या खात्यावर ते घेऊच नये.

नामनिर्देशनाविषयीही एक गैरसमज दूर करावयास हवा. विश्वस्त खाते उघडताना अर्जावरील नामनिर्देशनाची चौकट पाहून कोणाचे तरी नाव घालावयास जातात. परंतु नामनिर्देशन हे व्यक्तीने स्वतःच्या हक्काने ठेवलेल्या ठेवीलाच असते, पदाच्या वा प्रातिनिधिक नात्याने धारण केलेल्या ठेवीला नसते. विश्वस्ताच्या मृत्यूनंतर न्यासाचा पैसा त्याच्या वारसांकडे जात नाही, तो उरलेल्या व नव्या विश्वस्तांच्या हाती राहतो. म्हणूनच ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेला’ ही घरगुती संयुक्त खात्याची पद्धत न्यासाच्या खात्याला शोभत नाही.

आपल्या वाचनालयाचे खजिनदार चार वर्षांनी निवर्तले असे समजू. ठरावात अधिकार पदाला दिलेला आहे आणि नावे केवळ सोबतच्या कागदावर आहेत. त्यामुळे मूळ ठराव टिकून राहतो, बदलते ती नमुना सही. मंडळाने सभा घेऊन नवा खजिनदार निवडावा, मृत्यूचा दाखला व निवडीच्या ठरावाची खरी प्रत बँकेला द्यावी, आणि अधिनियमाच्या २२ व्या कलमाप्रमाणे विश्वस्तांतील बदलाचा अर्ज बदल घडल्यापासून ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात दाखल करावा. याउलट ठरावात व्यक्तीचेच नाव घालून ‘श्री. अमुक यांच्या सहीने’ असे लिहिले असते, तर ठरावच पुन्हा करावा लागला असता, आणि तो होईपर्यंत वीजबिलसुद्धा भरता आले नसते.

बदल अर्ज हे येथील खरे अवघड वळण आहे. नवे विश्वस्त परिशिष्ट एकवर चढेपर्यंत बँकेला दाखविण्यासारखा शासकीय कागद मंडळाजवळ नसतो, आणि अर्जाचा निकाल लागावयास कालावधी जातो. २०१७ च्या दुरुस्तीने विश्वस्तांच्या नावांतील बदल तात्पुरता स्वीकारण्याची तरतूद केली, हे विश्वस्तांनी लक्षात ठेवून अर्जाबरोबरच तशी विनंती करावी. तो तात्पुरता हुकूम मिळाला की बँकेची शंका बहुतेक फिटते. अर्ज नव्वद दिवसांत न देता वर्षानुवर्षे तसाच ठेवला, तर परिशिष्टावर मृतांची आणि राजीनामा दिलेल्यांची नावे तशीच राहतात, आणि बँकेने नव्याने ओळखपत्रे तपासावयास घेतली की खाते अडते. जुन्या देवस्थानांत हे पुष्कळदा दिसते, कारण तेथे वहिवाटदार पिढ्यान्‌पिढ्या बदलत असतात आणि नोंद मात्र एकाच पिढीची असते.

मंडळात दोन तट पडून दोघांनीही आपापल्या सभेचे ठराव बँकेत रुजू केले, तर बँक कोणाचीच बाजू घेत नाही. ती खात्यातून रक्कम काढणे थांबविते आणि धर्मादाय कार्यालयाचा किंवा न्यायालयाचा हुकूम आणा, असे दोघांनाही लिहून देते. निवडणूक खरी कोणाची हे ठरविण्याचा अधिकार बँकेला नाही, आणि आपल्याकडे आधी नोंदलेल्या आदेशाविरुद्ध पैसे दिल्यास नुकसानीची जबाबदारी तिच्यावर येते; म्हणून तिचे हे वागणे त्रासदायक वाटले तरी रास्त आहे. अशा काळात कर्मचाऱ्यांचे पगार, वीज आणि भाडे यांपुरती रक्कम काढू द्यावी असा मर्यादित हुकूम मागता येतो, आणि तट पडल्याबरोबर प्रथम तोच मागावा. हुकूम मिळाल्यावर कोणाच्या सह्या चालतील, किती रकमेपर्यंत चालतील आणि किती मुदतीपर्यंत चालतील, या तिन्ही गोष्टी बँकेकडून लेखी पोचेसह घेऊन इतिवृत्ताच्या वहीत चिकटवून ठेवाव्यात.